झुरळ फवाऱ्याने का जात नाही?

रात्री पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरातला दिवा लावला, की ओट्यावरची चार-सहा झुरळे सर्रकन फटीत शिरतात. बहुतेक घरांना हे दृश्य ओळखीचे आहे आणि त्यावरचा उपायही ठरलेला आहे. दुकानातून फवाऱ्याचा डबा आणायचा, सिंकखाली, गॅसच्या मागे आणि कपाटांच्या कोपऱ्यांत भरपूर फवारायचे आणि सकाळी मेलेली झुरळे केरात भरून टाकायची. आठ-दहा दिवस बरे जातात. महिन्याभरात ओट्यावर पुन्हा तीच पळापळ सुरू होते आणि ‘औषधात दम राहिला नाही’ असे म्हणत नवा डबा येतो.

औषधात दम कमी झाला आहे, हे काही अंशी खरेही आहे. पण खरी अडचण वेगळी आहे. फवारा उघड्यावर आलेल्या झुरळांना लागतो आणि झुरळांची वस्ती उघड्यावर नसते. झुरळ राहते कुठे, खाते काय आणि वाढते कसे, हे समजून घेतले तर घर असो की रुग्णालयाचा वॉर्ड, त्याचा बंदोबस्त कमी विषात आणि कमी खर्चात होतो.

आधी ओळख पटवा

आपल्याकडे घरात दिसणारी झुरळे प्रामुख्याने दोन जातींची असतात. पहिले मोठे, तांबूस तपकिरी, साडेतीन-चार सेंटीमीटर लांबीचे. ते गटारात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, मोरीच्या जाळीखाली राहते आणि रात्री पाइपातून वर येते. याला अमेरिकन झुरळ म्हणतात. दुसरे लहान, फिकट तपकिरी, जेमतेम दीड सेंटीमीटरचे. त्याच्या मानेवरच्या ढालीसारख्या भागावर दोन गडद उभे पट्टे असतात. हे जर्मन झुरळ. ते गटारात नाही, तर घरातच, ओट्याच्या हाताएवढ्या अंतरात राहते.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत. मोठे झुरळ बाहेरून येणारा पाहुणा आहे. त्याची वाट बंद केली की प्रश्न बराचसा सुटतो. मोरीला बारीक जाळी बसवणे, वापरात नसलेल्या नहाणीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतून पाइपाच्या वाकातले पाणी कायम ठेवणे, फुटलेले चेंबरचे झाकण बदलणे आणि पाइप भिंतीतून आत शिरतो तिथली भगदाडे सिमेंटने बुजवणे, एवढे पुरते. लहान झुरळ मात्र घरातच जन्मते आणि घरातच मरते. स्वयंपाकघरातली आणि वॉर्डातली खरी डोकेदुखी हीच जात आहे, म्हणून पुढची चर्चा तिच्याबद्दल.

नाव जर्मन असले तरी हे झुरळ मूळचे जर्मनीचे नाही. लिनियसने १७६७ साली त्याला शास्त्रीय नाव दिले आणि त्यात ‘जर्मनीचे’ असा शब्द वापरला, तोच चिकटला. जगभरातल्या झुरळांच्या जनुकांची तुलना करणारा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, शेतात राहणाऱ्या एका आशियाई झुरळापासून वेगळी झाली आणि माणसाच्या घराला चिकटली. नंतर ती व्यापार आणि सैन्याच्या सामानातून पश्चिमेला आणि पुढे जगभर गेली. आज ही जात माणसाच्या इमारती सोडून रानात आढळत नाही. घराची ऊब, फटी आणि खरकटे यांच्यावरच ती जगते. तिच्या या परावलंबनातच तिच्यावरचा उपायही आहे.

फटीतले आयुष्य

जर्मन झुरळ दिवसाचा बहुतेक वेळ फटीत काढते. पाठ आणि पोट दोन्ही बाजूंनी कशाला तरी टेकलेले असले की ते निवांत असते. मोठ्या झुरळाला पाच मिलिमीटरची फट आवडते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला दीड मिलिमीटरही पुरते. ट्रॉलीच्या बिजागरीची पोकळी, सिंकच्या कडेचा सुटलेला सील, फ्रिजच्या मोटरजवळची ऊबदार जागा, मिक्सरचा तळ, विजेच्या बोर्डाचा डबा आणि भिंतीवरच्या घड्याळाची मागची बाजू ही त्याची घरे आहेत.

एका फटीत ती गर्दीने राहतात, कारण त्यांची विष्ठाच एकमेकांना बोलावते. विष्ठेत पोटातल्या जिवाणूंनी तयार केलेली काही आम्ले असतात. त्यांचा वास ‘इथे वस्ती आहे, इथे या’ असा निरोप देतो. कपाटाच्या कोपऱ्यात किंवा बिजागरीजवळ मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले, तर तो या वस्तीचा पत्ता समजावा.

आता विणीचा हिशेब पाहू. मादी एका वेळी तीस ते चाळीस अंडी एका चॉकलेटी, शेंगेसारख्या कुपीत भरते. मोठे झुरळ आपली कुपी कुठेतरी चिकटवून निघून जाते. जर्मन मादी मात्र पिल्ले बाहेर पडायची वेळ येईपर्यंत कुपी पोटाच्या टोकाला धरूनच हिंडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो. या काळात ती कमी खाते आणि फटीबाहेर फारशी येत नाही. पिल्ले सहा-सात वेळा कात टाकून साधारण दोन महिन्यांत प्रौढ होतात. एका मादीच्या एका कुपीतून ३५ पिल्ले निघाली आणि त्यातली १७ माद्या निघाल्या असे धरले, तर त्यांच्या पहिल्या कुप्यांमधून आणखी सुमारे सहाशे पिल्ले येतात. हे सगळे जेमतेम तीन महिन्यांत होते. सगळी जगत नाहीत हे खरे, पण फवाऱ्यातून वाचलेल्या चार माद्या घर पुन्हा का भरून टाकतात, हे यावरून कळते.

अन्नाच्या बाबतीत झुरळ फार चोखंदळ नाही. पाणी मिळत असेल तर ते अन्नाशिवाय महिनाभर तग धरते. पण पाणी तोडले तर सुमारे दोन आठवड्यांतच मरते. म्हणून रात्री ओटा पुसून कोरडा ठेवणे हा केवळ टापटिपीचा भाग नाही. सिंकखालचा गळका सांधा, फ्रिजखालचा पाण्याचा ट्रे आणि ओले भांडी-फडके हे झुरळांचे पाणवठे आहेत.

जंतू कुठून कुठे जातात?

झुरळ डासासारखे नाही. डेंगीचा विषाणू डासाच्या शरीरात वाढतो आणि ठरावीक डासच तो पसरवतो. झुरळाचे काम हमालाचे आहे. जिथे चालले तिथली घाण उचलायची आणि पुढे गेले तिथे ठेवायची. त्यामुळे त्याच्या नावावर एक ठरावीक आजार नाही. साल्मोनेला, शिगेला, ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास, शिवाय अमीबासारख्या परजीवींची कोष्ठे आणि जंतांची अंडी, असे बरेच काही त्याच्यावर सापडले आहे.

ही हमाली तीन वाटांनी चालते. पहिली वाट पायांची. पायांवरच्या काट्यांत आणि केसांत ओली घाण अडकते आणि पोळीच्या डब्यावर झडते. दुसरी वाट तोंडाची. झुरळ खाताना पोटातला थोडा द्रव बाहेर टाकते. शिवाय ते सतत पाय आणि मिशा तोंडातून ओढून साफ करत असते, त्यामुळे पायांवरचे जंतू पोटात जातात. तिसरी वाट विष्ठेची, आणि तीच अधिक त्रासाची. पोटात गेलेले अनेक जिवाणू तिथे मरत नाहीत. ते काही दिवस टिकतात आणि विष्ठेतून थोडे थोडे बाहेर पडत राहतात. झुरळ ज्या रात्री मोरीवरून चालले त्याच रात्री नव्हे, तर पुढचे काही दिवस ते जंतू सांडत फिरते.

रुग्णालयात हा प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण तिथले जंतू घरातल्यापेक्षा वेगळे असतात. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू रुग्णांच्या जखमांत, लघवीच्या पिशव्यांत आणि बेसिनच्या पाइपात असतात. भारतातील संशोधकांनी रुग्णालयातून पकडलेल्या जर्मन झुरळांची तपासणी करून १९९१ साली निष्कर्ष मांडले. १५९ पैकी १५८ झुरळांवर वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे सूक्ष्मजंतू होते आणि त्यांत क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास ठळक होते.

पण झुरळावर जंतू सापडणे वेगळे आणि त्या जंतूने रुग्ण आजारी पडणे वेगळे. दुसरी गोष्ट सिद्ध करणे कठीण असते. या दृष्टीने दक्षिण आफ्रिकेतील एका नवजात शिशू विभागातली घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या क्लेबसिएलाची साथ बाळांमध्ये पसरली होती. विभागात झुरळेही होती. झुरळांवरचे आणि बाळांच्या रक्तातले जिवाणू जनुकीय चाचणीत एकमेकांपासून वेगळे करता आले नाहीत. २००० साली हा अहवाल प्रसिद्ध करताना डॉक्टरांनी शब्द जपून वापरले आणि झुरळांची भूमिका ‘संभाव्य’ म्हटली. कारण झुरळाने बाळांना जंतू दिला, की बाळांकडून झुरळाकडे गेला, हे चाचणी सांगत नाही. वॉर्डात जंतू पसरवणारे पहिले साधन आजही न धुतलेले हातच आहेत. तरीही ज्या विभागात आठशे ग्रॅमचे बाळ काचेच्या पेटीत झुंजते आहे, तिथे असा एक फिरता साठा असू देणे परवडणारे नाही.

झुरळाचा आणखी एक उपद्रव जंतूंशिवायचा आहे. त्याच्या विष्ठेतली, लाळेतली आणि कातीतली प्रथिने धुळीत मिसळतात आणि श्वासावाटे आत जातात. अमेरिकेतील शहरी वस्त्यांमधल्या ४७६ दमेकरी मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना झुरळाची अॅलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीत झुरळाचे हे अंश जास्त होते, त्यांच्यावर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ इतरांच्या तिपटीहून अधिक आली. ‘झुरळ काय, चावत तर नाही’ असे म्हणणाऱ्या घरात रात्री खोकणारे मूल असेल, तर याचा विचार करायला हवा.

फवारा कुठे फसतो?

आता फवाऱ्याकडे वळू. घरगुती फवाऱ्यांत आणि झुरळांच्या खडूत सहसा पायरेथ्रॉइड गटातले विष असते. ते मज्जातंतूंवर काम करते आणि झुरळ लगेच उलटे पडते. डोळ्यांसमोर मेलेले झुरळ दिसते, म्हणून समाधान होते. पण फवाऱ्याचे कण फटीत खोलवर जात नाहीत. कुपी घेऊन आत बसलेली मादी आणि बारकी पिल्ले वाचतात. मेलेल्या मादीची कुपी पक्की झालेली असेल, तर तिच्यातूनही पिल्ले निघू शकतात.

दुसरे, या विषाचा झुरळांना त्रास होतो आणि ती तिथून हलतात. ओट्याखाली जोरदार फवारणी केली की चार दिवसांनी देवघरात, पलंगाच्या कप्प्यात आणि शेजारच्या घरात झुरळे दिसू लागतात. रुग्णालयाच्या भटारखान्यात फवारले की ती पाइपाच्या नळीतून वरच्या वॉर्डात जातात.

तिसरे, प्रतिकार. जी झुरळे विष पचवतात त्यांचीच पिल्ले पुढे उरतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले, की काही वस्त्यांमध्ये एका पिढीतच प्रतिकारशक्ती चार ते सहा पटींनी वाढू शकते आणि एका विषाला सरावलेली झुरळे दुसऱ्या, कधीही न भेटलेल्या विषालाही दाद देत नाहीत. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातील घरांमध्ये ‘फॉगर’ तपासले गेले. खोली बंद करून एकदम सगळे औषध हवेत सोडणारे हे डबे. झुरळांची संख्या त्यांनी घटली नाही. विष मात्र ओट्यावर आणि जमिनीवर साचून राहिले. त्याच अभ्यासात ज्या घरांत जेल लावले, तिथली झुरळे कमी झाली.

जेल का चालते?

जेल म्हणजे गोड, पिठूळ आमिषात मिसळलेले थोडेसे विष. दुकानांत मिळणाऱ्या जेलमध्ये बहुधा ०.०५ टक्के फिप्रोनिल किंवा २.१५ टक्के इमिडाक्लोप्रिड असते. त्याची खरी ताकद त्याच्या संथपणात आहे. झुरळ जेल खाते, फटीत परतते आणि काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी तिथे मरते. मरण्यापूर्वी विष असलेली विष्ठा टाकते. फटीबाहेर क्वचितच येणारी बारकी पिल्ले मोठ्यांची विष्ठा खाऊनच वाढत असतात, त्यामुळे ते विष त्यांच्यापर्यंत पोचते. मेलेले झुरळही इतर झुरळे खातात. फवारा जिथे पोचत नाही तिथे झुरळच विष घेऊन जाते.

एका मध्यम स्वयंपाकघरात हे काम कसे करावे, ते टप्प्याटप्प्याने पाहू. समजा, घर दोन खोल्यांचे आहे, ओट्याखाली ट्रॉल्या आहेत आणि रात्री झुरळे दिसतात. पहिल्या दिवशी विष आणायचे नाही, चिकट सापळे आणायचे. सहा सापळे पुरतात. सिंकखाली, गॅसमागे, फ्रिजच्या मोटरजवळ, मसाल्याच्या ट्रॉलीत, मिक्सरमागे आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी एकेक, भिंतीला टेकून ठेवावा. प्रत्येकावर जागा आणि तारीख लिहावी. तीन रात्रींनी मोजणी करावी. समजा, फ्रिजजवळ ४०, सिंकखाली २५, ट्रॉलीत ६ आणि बाकी ठिकाणी एखाद-दुसरे निघाले. याचा अर्थ वस्ती दोन ठिकाणी आहे आणि औषधाचा मोठा भाग तिथेच जायला हवा. सापळ्यात बारकी पिल्ले जास्त असतील तर वस्ती सापळ्यापासून हातभराच्या आत आहे, कारण पिल्ले लांब जात नाहीत.

दुसरा टप्पा स्वच्छतेचा, पण औषधाच्या आधी. तेलकट थर, सांडलेले पीठ आणि जुन्या फवाऱ्याचे अंश साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावेत. समोर दुसरे अन्न असेल तर झुरळ जेलकडे कशाला येईल? गळका सांधा याच वेळी दुरुस्त करावा. रिकामे पुठ्ठ्याचे खोके आणि कागदी पिशव्यांची चळत घराबाहेर काढावी. पुठ्ठ्याच्या नळ्यांत पिल्ले मजेत राहतात आणि नवे झुरळ घरात येते तेही बहुधा किराण्याच्या खोक्यातून किंवा जुन्या विकत घेतलेल्या फ्रिजमधून.

तिसरा टप्पा जेलचा. मोठे ढीग लावू नयेत. मसुराच्या दाण्याएवढे, पण भरपूर थेंब लावावेत. बिजागरीच्या आत, ट्रॉलीच्या रुळामागे, सिंकच्या कडेखाली, फ्रिजच्या मागच्या पत्र्याच्या आतल्या कडेला, म्हणजे काळे ठिपके जिथे दिसले तिथे, फटीच्या तोंडाशी. अशा स्वयंपाकघराला साधारण पाच ते दहा ग्रॅम जेल लागते. नेमके प्रमाण वेष्टनावर असते, ते पाळावे. गॅसच्या अगदी जवळ किंवा भांडी ठेवायच्या पृष्ठभागावर थेंब नको. लहान मुलाचा किंवा मांजराचा हात पोचेल तिथेही नको. आणि सर्वांत महत्त्वाचे, जेल लावल्यावर त्या भागात फवारा, खडू, फिनेल यांतले काहीही वापरू नये. त्यांचा वास लागलेले आमिष झुरळ तोंडाला लावत नाही. जेलने फायदा झाला नाही अशी तक्रार असलेल्या बऱ्याच घरांत हीच गोष्ट घडलेली असते.

चौथा टप्पा थांबण्याचा आणि पुन्हा मोजण्याचा. पहिल्या आठवड्यात दिवसाही डुलत चालणारी किंवा उलटी पडलेली झुरळे दिसतील. ते औषध लागू पडल्याचे लक्षण आहे, घाबरून फवारा उचलू नये. दोन आठवड्यांनी थेंब पाहावेत. संपलेले किंवा वाळलेले असतील तिथे नवे लावावेत. याच सुमारास कुप्यांतली पिल्ले बाहेर पडतात आणि आतापर्यंत न खाणाऱ्या माद्या पुन्हा खायला येतात. त्यामुळे हा दुसरा हात टाळला तर पहिला वाया जातो. चौथ्या आणि आठव्या आठवड्याला पुन्हा सहा सापळे त्याच जागी तीन रात्री ठेवावेत. आकडा ७५ वरून दहा-बारावर आणि मग शून्य-दोनवर आला, तर काम झाले.

पाचवा टप्पा अनेकांकडून राहतो. झुरळे मेली तरी त्यांची विष्ठा, काती आणि तुकडे फटीत राहतात. त्यांचे अॅलर्जी करणारे अंश महिनोन्महिने टिकतात आणि विष्ठेचा वास नव्या झुरळांना बोलावतो. म्हणून शेवटी फटी ओल्या फडक्याने पुसाव्यात, कोरड्या झाडूने झटकू नयेत. मग त्या सिलिकॉनने किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवाव्यात.

आकडा हलला नाही तर?

चार आठवड्यांनीही संख्या तेवढीच राहिली, तर थेंबांकडे पाहावे. उत्तर तिथेच असते. थेंब फस्त झाले पण झुरळे तशीच आहेत, तर एक तर जेल कमी पडले किंवा त्या विषाला ती सरावली आहेत. जास्त थेंब लावूनही फरक नसेल तर वेगळ्या मूलद्रव्याचे जेल घ्यावे. नुसते कंपनीचे नाव बदलून उपयोग नाही, वेष्टनावरचे औषधाचे नाव बदलायला हवे.

थेंब तसेच्या तसे पडून आहेत, तर झुरळांनी ते खाल्लेच नाहीत. एक कारण फवाऱ्याचा वास. दुसरे कारण अधिक मजेदार आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस फ्लोरिडातील काही झुरळांनी जेल खाणे सोडले. ती विषाला नव्हे, तर आमिषातल्या ग्लुकोजला नकार देत होती. २०१३ साली याचा उलगडा झाला. या झुरळांच्या जिभेवर, म्हणजे तोंडाजवळच्या चवीच्या केसांवर, कडू चव ओळखणाऱ्या पेशी ग्लुकोजलाही प्रतिसाद देऊ लागल्या होत्या. गोड त्यांना कडू लागत होते. गोड खाणारी मेली, तोंड फिरवणारी जगली आणि वाढली. अशा वेळी वेगळ्या आमिषाचे जेल लावावे.

बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या हा घरोघरीचा उपायही निराधार नाही. बोरिक आम्ल पोटात गेल्यावर झुरळाला मारते, पण आठवडा-दोन आठवडे लागतात आणि गोळ्या वाळल्या की झुरळे त्यांना विचारत नाहीत. कोरडी पूड वापरायची तर बंद फटीत, डोळ्यांना जेमतेम दिसेल इतका पातळ थर द्यावा. ढीग केला की झुरळ वळसा घालून जाते. बोरिक पावडर ‘घरगुती’ असली तरी लहान मुलांच्या पोटात गेली तर विषारी आहे, हे विसरू नये.

इमारतीत एकच घर झुरळमुक्त करून फार काळ भागत नाही. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या नळ्यांच्या सामाईक पोकळीतून ती परततात. निदान शेजारच्या, वरच्या आणि खालच्या घरात त्याच आठवड्यात जेल लावले गेले, तर खर्च वाटला जातो आणि परिणाम टिकतो.

वॉर्डात काय वेगळे?

वॉर्डात फवारणीला जागाच नाही. श्वास लागलेले रुग्ण, नवजात बाळे आणि ऑक्सिजनच्या नळ्या असलेल्या खोलीत विषाचा धूर चालत नाही. जेल आणि सापळे मात्र रुग्ण खाटेवर असतानाही लावता येतात. लपण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. खाटेशेजारचे लोखंडी कपाट, त्यात ठेवलेला घरचा डबा, पोकळ नळीच्या खाटा, औषधांच्या फ्रिजची मोटर, मॉनिटरचे ऊबदार खोके, सलाइनच्या बाटल्यांचे पुठ्ठे आणि पँट्रीतली जेवणाची ट्रॉली. विद्युत उपकरणांच्या आत जेल लावू नये. त्यांच्या स्टँडला आणि मागच्या भिंतीला लावावे.

प्रत्येक वॉर्डाने सापळ्यांचा एक साधा नकाशा ठेवावा आणि महिन्यातून एकदा आकडे वहीत लिहावेत. ‘पेस्ट कंट्रोल झाले’ अशी सही असलेला कागद झुरळे कमी झाल्याचा पुरावा नाही. सापळ्यातला आकडा हाच पुरावा. बदलीवर आलेल्या परिचारिकेला किंवा सफाई कर्मचाऱ्याला कुठल्या कपाटामागे पाहायचे, हे तो नकाशाच सांगतो. सलाइनचे पुठ्ठे वॉर्डाबाहेर उघडावेत. उरलेले अन्न रात्री आठनंतर कपाटात राहू नये. नातेवाइकांनी डबे झाकणाचे आणावेत, हे त्यांना दाखल होतानाच सांगावे. रात्री झाकण न लावलेला कचऱ्याचा एक डबा महिन्याभराचे काम उलटवू शकतो.

हे घरालाही तितकेच लागू आहे. आज रात्री दिवा लावल्यावर झुरळ दिसले, तर ते कुठल्या फटीत शिरते तेवढे पाहून ठेवावे आणि सकाळी तिथे पहिला सापळा लावावा.